चंद्रभागाबाईंचा हातगुण

मोठागावात कुणालाही विचारलं असतं, "जनीची सून काय करते हो?" तर खाडीकडे तोंड करून, पान चघळत उत्तर मिळालं असतं, "ती? डोंबिवलीच्या कंपनीत भांडी घासते." उत्तर खोटं नव्हतं. पण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे हसू असायचं ते मात्र साफ चुकीचं होतं. कारण चंद्रभागा नाखवा जी भांडी घासायची, ती घासायला जमलं असतं अशी बाई त्या अख्ख्या गावात दुसरी नव्हती. खुद्द तिची सासू जनीबाईसुद्धा नाही, आणि जनीबाईच्या पातेल्यात तोंड दिसतं असा तिचा स्वतःचाच दावा होता.

त्र्याऐंशी साली एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत पेशी वाढवण्याचा विभाग निघाला. दोन खोल्या, एक उबदार कपाट, एक सूक्ष्मदर्शक, आणि पुण्याहून आणलेले डॉक्टर सुधीर आगटे. आगट्यांच्या मिशा कंगव्याने विंचरलेल्या असत आणि मराठी त्याहून विंचरलेली. ते आल्या दिवशी म्हणाले, "मला एक काच धुणारी व्यक्ती हवी आहे. एम.एस्सी. नको. एम.एस्सी. माझ्याकडे पुष्कळ येतील. काच धुणारी माणसं दुर्मिळ असतात." कामगार खात्यातल्या माणसाला वाटलं, पुणेरी माणूस आहे, टोमणा मारतोय. पण आगटे खरं बोलत होते.

काचेच्या बशीत किंवा बाटलीत जिवंत पेशी वाढवायच्या तर त्या काचेला चिकटून बसाव्या लागतात. काचेवर साबणाचा नावालासुद्धा अंश राहिला, तर त्या चिकटत नाहीत, गोळा होऊन वर तरंगतात आणि मरतात. म्हणून आधी साबण, मग नळाचं पाणी दहा वेळा, मग ऊर्ध्वपातित पाणी तीन वेळा, मग भट्टीत दोन तास. पहिल्या तीन बायका महिन्याभरात गेल्या. एक म्हणाली, "एवढं पाणी मी माझ्या पोरांना आंघोळीला घातलं नाही." चौथी आली ती चंद्रभागा. दहावी पास, अंगाने काटकुळी, डोळे मात्र मासळीवर बर्फ कुणी कमी टाकला हे लांबून ओळखणारे. तिने आठव्यांदा पाणी घालून बाटली उजेडात धरली, वास घेतला आणि म्हणाली, "अजून दोनदा लागंल." आगट्यांनी त्याच संध्याकाळी कामगार खात्याला चिठ्ठी लिहिली, की ही बाई सोडली तर मीही सोडतो.

असं म्हणतात की चिठ्ठी लिहिताना त्यांचा एक मिशीचा केस शाईत पडला होता. हे सांगणारा महिपत. उबदार कपाट, वायूचे सिलिंडर आणि द्रव नायट्रोजनचा मोठा ड्रम यांची देखभाल त्याच्याकडे. गाव साताऱ्याकडचं, आवाज मोठा, आणि कुणाचं काय चाललंय याची इतकी माहिती की कंपनीत फलक लावायची गरज नव्हती.

चौऱ्याऐंशीत आगट्यांनी पुण्याहून उंदराच्या गर्भातून निघालेल्या पेशींची एक जात आणली. त्यातल्या थोड्या त्यांनी डझनभर छोट्या कुप्यांमध्ये भरून नायट्रोजनच्या ड्रममध्ये गोठवून ठेवल्या. गोठल्या की पेशींना वय लागत नाही. बाकीच्या बाटल्यांत वाढू लागल्या. वर गुलाबी द्रव, आणि तळाला काचेवर पेशी.

चंद्रभागेला खरं म्हणजे सूक्ष्मदर्शकाला हात लावायची परवानगी नव्हती. पण बाटल्या धुवायला येण्याआधी त्यात काय होतं हे बघितल्याशिवाय तिला राहवत नसे. एक दिवस आगटे जेवायला गेलेले असताना तिने डोळा लावला, आणि महिपतने तिला पकडलं.

"काय चंद्राबाई, सिनेमा चालू हाय काय आत?"

"गप बस रे महिपतभाऊ. तू बघितलंस कधी?"

"मला काय दिसायचंय? डाग."

"डाग नाय रे. बाया बसल्यात बाजारात."

आगटे दारात उभे होते हे दोघांनाही कळलं नव्हतं. ते पुढे आले, रागावले नाहीत, उलट खुर्ची ओढून बसले. "काय म्हणालात? बाजारात बायका?"

चंद्रभागा घाबरली, पण बोलली. "साहेब, आमच्या मासळी बाजारात बाया वळीनं बसतात ना. आधी सकाळी चार-पाच जनी येतात, मध्ये जागाच जागा. मग भरत जातं. खांद्याला खांदा लागला की बस्स. मग नवीन कोणी बसत नाय. मांडीवर कशी बसनार? हे तसंच हाय. शेजारनीला लागलं की थांबलं."

आगट्यांनी मिशा दोन्ही बाजूंना एकदम ओढल्या. त्यांना फार आनंद झाला की ते असं करत. म्हणाले, "बाई, पुस्तकात एका पानात सांगितलेलं तुम्ही एका ओळीत बसवलंत." मग त्यांनी नीट समजावलं. पेशीला मोकळी जागा आणि खाणं असलं की ती सरकते, वाढते, दोन होते. चहूबाजूंनी शेजारणींचा स्पर्श झाला की ती सरकायची थांबते आणि दोन व्हायचीही थांबते. मरत नाही. आजारी पडत नाही. खाते, पिते, स्वस्थ बसते. म्हणून काचेवर एकच थर होतो, पेशीवर पेशी चढत नाही. "स्पर्श झाल्याचा निरोप पेशीच्या पोटात नेमका कसा जातो, हे अजून लोक शोधतायत," ते म्हणाले. "पण जातो हे नक्की."

"आनि मधली एखादी उठली तर?"

"तर काय होईल, तुम्हीच सांगा."

"तिच्या दोन्ही बाजूच्या पाट्या सरकवतात. कुल्ल्याला कुल्ला लागेपर्यंत."

महिपत असा हसला की सिलिंडर हलला. आगटे हसले नाहीत. ते उठले, एक भरलेली बशी घेतली, निर्जंतुक केलेल्या काचेच्या नळीच्या टोकाने तिच्या तळावर सरळ ओरखडा काढला. ओरखड्याच्या पट्ट्यात पेशी उरल्या नाहीत, नुसती काच उरली. "याला आम्ही जखम म्हणतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी चंद्रभागेने डोळा लावला तेव्हा काठावरच्या पेशी पातळ पदर पसरून मोकळ्या काचेवर सरकल्या होत्या. त्यांच्या मागे काही पेशी दोन-दोन झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही काठ भेटले. आणि भेटले तसे थांबले. जखमेची जागा ओळखूसुद्धा येईना.

"आपलं बोट कापलं की कातडीसुद्धा काहीशी अशीच दोन्हीकडून सरकत येते," आगटे म्हणाले. "रक्त गोठणं, सूज, आणखी पुष्कळ भानगडी असतात. पण काठ सरकणं आणि भेटल्यावर थांबणं हे तेच. न थांबता वाढतच राहिल्या तर त्याला बरं होणं म्हणत नाहीत. त्याला दुसरं नाव आहे."

ते नाव चंद्रभागेने विचारलं नाही. तिच्या वडिलांना तेच झालं होतं.

शहाऐंशी साल येईपर्यंत बाटल्या वाटायचं काम तिच्याकडे आलं होतं. भरलेल्या बाटलीत एक द्राव घालायचा, त्याने पेशी काचेपासून सुटतात. मग त्यातल्या थोड्या नव्या बाटलीत घालायच्या. हे काम एम.एस्सी. झालेल्यांकडून बिघडायचं. कधी बुरशी यायची, कधी नव्या बाटलीत पेशी धरायच्याच नाहीत. चंद्रभागेच्या हाताला एकही बाटली बिघडली नाही. शेजारच्या कारखान्यातले लोक येऊन बघून जायचे. आगटे प्रत्येकाला म्हणायचे, "हातगुण. याला दुसरा शब्द नाही." आणि चंद्रभागा खाली बघायची. पण कानाची पाळी लाल व्हायची, हे महिपतने सगळ्यांना सांगितलं.

तिची रीत अशी होती. नियमाने बाटली भरायच्या आधी, दर तीन दिवसांनी, वाटायला हवी. पण गुलाबी द्रवात घालायचा वासराच्या रक्ताचा रस परदेशातून यायचा, आणि महिने महिने यायचाच नाही. मग आगटे म्हणाले, "पूर्ण भरू द्या, आठवड्याने वाटू, रस वाचेल." चंद्रभागेने ते ऐकलं आणि त्यात आपलं शहाणपण घातलं. तीन बाटल्या भरल्या की तिन्हीतली सगळ्यात गच्च भरलेली निवडायची, आणि पुढच्या बाटल्या तिच्यातून लावायच्या. बाजारात भरलेली टोपली उचलायची, पोकळ नाही, हे तिला पाळण्यातच शिकवलेलं. आगट्यांनीही कौतुक केलं. दोन वर्षं ती हे करत राहिली, आणि बाटल्या दर महिन्याला जास्त गच्च, जास्त झपाट्याने भरू लागल्या. हातगुणाची कीर्ती वाढत गेली.

त्याच दोन वर्षांत कंपनीचं मलम आलं. एका पाल्याचा अर्क, जखम लवकर भरून आणतो म्हणे. आगट्यांनी अर्क पाण्यात उतरवून ओरखड्याच्या बश्यांमध्ये घातला. सुरुवातीलाच त्यांनी अर्क न घातलेल्या साध्या बश्यांचे फोटो काढून फाइलला लावले होते: जखम भरायला दीड-दोन दिवस. पुढे फोटोची फिल्म महाग पडते म्हणून साध्या बश्या दर वेळी लावल्या जात खऱ्या, पण कुणी बघत नसे. काय व्हायचं ते माहीतच होतं. त्या सरळ चंद्रभागेच्या मोरीत जात. अर्काच्या बश्या मात्र अठ्ठ्याऐंशीच्या शेवटाला एका दिवसात भरू लागल्या. आगटे मिशा ओढत फिरू लागले. कंपनीच्या मोठ्या साहेबांना तारीख दिली गेली: फेब्रुवारीतल्या शेवटच्या शुक्रवारी निकाल दाखवायचे, मग भाजलेल्या रुग्णांवर चाचणी.

आणि त्याच साहेबांच्या टेबलावर आणखी एक कागद होता. चंद्रभागा नाखवा हिला काच धुणाऱ्या पदावरून तंत्रज्ञाच्या कायम पदावर घ्यावं. शिफारशीत आगट्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'पेशी वाढवण्यात असामान्य हात.' कंपनीत काच धुणाऱ्या बाईला तंत्रज्ञ केल्याचं कधी घडलं नव्हतं. महिपतने ही बातमी कंपनीतच नाही, रिक्षावाल्यांपर्यंत पोचवली. मोठागावात जनीबाईने शेजारणीला ऐकवलं, "आमची सून आता घासनार नाय, दुसऱ्यांना घासायला लावनार." घरात मात्र ती सुनेला म्हणायची, "काय गो चंद्रे, मोठी झालीस का? चुलीवरचा कालवन उतरव आधी."

ज्या शुक्रवारी निकाल दाखवायचे होते, त्याच्या दहा दिवस आधीचा मंगळवार. गाडीवरून मोरीत साध्या बश्यांची थप्पी आली. बशी साबणात टाकायच्या आधी एकदा बघायची तिची खोड गेलेली नव्हती. आगट्यांनी त्याच आठवड्यात तिला जुना सूक्ष्मदर्शक मोरीशेजारी ठेवायला दिला होता; त्याआधी साध्या बश्या सूक्ष्मदर्शकाखाली न जाताच धुतल्या जात. तिने पहिली बशी लावली.

जखम भरलेली होती. पण तेवढ्यावर थांबलेली नव्हती. पेशींवर पेशी चढल्या होत्या, आडव्यातिडव्या, एकमेकींच्या मांडीत. मधूनमधून ढीग. दुसरी बशी लावली, तिसरी लावली. तेच. बशीच्या काठावरच्या खुणा तपासल्या. साध्याच होत्या, अर्क नाही.

पहिल्यांदा तिला वाटलं, आपणच नीट धुतलं नाही. मग वाटलं, खुणा बदलल्या. म्हणून तिने गप्प राहून स्वतः तीन बश्या लावल्या, ओरखडे काढले, काही घातलं नाही. बुधवारी सकाळी जखमा भरलेल्या. गुरुवारी ढीग.

मोरीपाशी उभी राहून ती विचार करत होती. मलमाने जखम लवकर भरत नव्हती. मलम नसतानाही लवकर भरत होती. बदलल्या होत्या त्या पेशी. का बदलल्या, हे शोधायला तिला पुस्तक लागलं नाही. गच्च भरलेल्या बाटलीत, सगळ्या जणी शेजारणीला टेकून थांबलेल्या असताना, वाढत कोण राहतं? जी शेजारणीचं ऐकत नाही ती. अशी एखादी लाखात असते. पण बाटली आठवडाभर भरलेली ठेवली की बाकीच्या थांबतात आणि ती एकटी वाढते. मग तीन बाटल्यांतली सगळ्यात गच्च कुठली? जिच्यात अशा जास्त, ती. आणि तीच दर वेळी पुढे लावली कुणी? दोन वर्षं, दर आठवड्याला, अभिमानाने?

हे कुणाला माहीत नव्हतं. कळायचं कारणही नव्हतं. बश्या धुऊन टाकल्या की संपलं. मलम रुग्णांकडे गेलं असतं, तिचा कागद सहीला गेला असता. सांगितलं तर ज्या हातगुणावर तो कागद उभा होता, तोच हातगुण घाण ठरणार होता.

घरी त्या दिवशी तिने कालवणात मीठ दोनदा घातलं. जनीबाई म्हणाली, "पद मिळायच्या आधीच घरचं इसरलीस." चंद्रभागेच्या डोळ्यांसमोर भाजलेली माणसं होती, त्यांच्या उघड्या अंगावर काही उपयोग नसलेलं मलम लावलेलं.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, ती आगट्यांच्या टेबलासमोर उभी राहिली, आणि पहिलंच वाक्य असं बोलली की आगट्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"साहेब, ते मलम काय करत नाय. आनि पेशी मी बिघडवल्या."

आगटे आधी हसले. मग रागावले. "चंद्रभागाबाई, तुम्ही काच उत्तम धुता. पण दोन वर्षांच्या कामावर निकाल द्यायला लागलात? माझ्याकडे फोटो आहेत!"

"फोटो दोन वर्सांपूर्वीच्या साध्या बश्यांचे हायेत, साहेब. हल्लीच्या साध्या बश्या तुम्ही बघितल्या कधी?"

चंद्रभागेने आणलेली बशी आगट्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. महिपत दाराआडून बघत होता. त्याचं म्हणणं, साहेबांच्या मिशा तेव्हा आपोआप खाली आल्या. शेवटी ते म्हणाले, "फोकस ढिगांवर गेला की खालचा थर दिसत नाही. अर्काची जखम भरली की मी बशी धुवायला पाठवत होतो, पुढचं असं कधी पाहिलं नव्हतं मी इथे." मग हळूच: "पाहिलंच नव्हतं, हेच तर."

"मी गच्च बाटली निवडत होते, साहेब. दर वेळी."

"आणि मी तुम्हाला आठवडाभर भरू द्या म्हणालो होतो," आगटे म्हणाले. "दोघांनी मिळून बिघडवल्या."

चंद्रभागेने मग तो प्रश्न विचारला, जो तिने इतकी वर्षं विचारला नव्हता. "हे त्याच रोगासारखं हाय ना? माझ्या हातून कुनाला..."

"नाही, नाही." आगटे लगबगीने म्हणाले. "या उंदराच्या पेशी आहेत. शेजाराचं ऐकायचं विसरल्या एवढंच. वागणं त्या रोगासारखं आहे, पण त्या काचेतून तुमच्या अंगात येणार नाहीत. तुमचं शरीर त्यांना परकं समजून खाऊन टाकील."

पण नुसतं बोलून भागत नव्हतं. सिद्ध करायला हवं होतं. त्यासाठी बिघडायच्या आधीच्या पेशी हव्यात. त्या होत्या चौऱ्याऐंशीत गोठवलेल्या कुप्यांत, महिपतच्या ड्रममध्ये. आगट्यांनी साहेबांच्या कार्यालयात फोन लावला आणि तारीख महिनाभर पुढे ढकलली. कारण काय सांगावं हे न सुचून म्हणाले, "आमचं उबदार कपाट बिघडलंय."

महिपत उसळून आत आला. "माझं कपाट? पाच वर्षांत अर्धा अंश इकडचा तिकडं झाला नाय, आन् साहेब माझ्या कपाटावर घालताय?"

"महिपतभाऊ, शांत हो," चंद्रभागा म्हणाली. "तुझा ड्रम आता आम्हाला वाचवनार हाय."

ड्रमात नायट्रोजन दर आठवड्याला वर भरावा लागतो, नाहीतर तो उडून जातो आणि कुप्या वितळून मरतात. महिपत भांडकुदळ होता, पण चार वर्षांत त्याने एक आठवडा चुकवला नव्हता. धुरासारख्या थंड वाफेतून त्याने पहिली कुपी काढली. चंद्रभागेने ती कोमट पाण्यात धरून झटकन वितळवली. बर्फाचा शेवटचा कण गेला तसा तिने पेशी बाटलीत घातल्या. दुसऱ्या दिवशी तिघांनी आळीपाळीने डोळा लावला. अर्ध्या मेल्या होत्या. उरलेल्या काचेला चिकटून बसल्या होत्या, लांबट, नेटक्या.

महिपत म्हणाला, "बाया आल्या बाजारात."

आता चंद्रभागेने नियम मोडला नाही. दर तीन दिवसांनी, भरायच्या आधीच वाटायचं. गच्च बाटली निवडायची नाही. तीन आठवड्यांनी पुरेशा झाल्या. मग चार प्रकारच्या बश्या लागल्या: कुपीतल्या जुन्या पेशी साध्या, त्याच जुन्या पेशी अर्काच्या, बिघडलेल्या साध्या, बिघडलेल्या अर्काच्या. ओरखडे तिनेच काढले. खुणा महिपतने केल्या आणि कुठली खूण कशाची हा कागद स्वतःच्या खिशात ठेवला, म्हणजे बघणाऱ्याला आधी कळायला नको. ही कल्पना आगट्यांची. पण महिपतला इतकी जबाबदारी कधी मिळाली नव्हती, त्यामुळे तो कागद घेऊन तो जेवायलासुद्धा गेला नाही.

निकाल चंद्रभागा म्हणाली होती तसाच निघाला. जुन्या पेशींची जखम दोन दिवसांत भरली आणि काठ भेटल्यावर एक थर होऊन थांबली. अर्क घातला काय, न घातला काय, एका तासाचाही फरक नाही. बिघडलेल्या पेशींची जखम एका दिवसात भरली आणि पुढे ढीग झाले. अर्क घातला काय, न घातला काय.

आगट्यांनी त्या दिवशी अहवालाचे कागद पुढे ओढले. मग चंद्रभागेला बोलावलं. "अहवाल लिहितोय. मलम निरुपयोगी, हे स्पष्ट लिहितो. पेशी का बदलल्या, तिथे लिहितो की अशा जातीत हे आपोआप होऊ शकतं. तेही खोटं नाही. तुमची निवड मध्ये आणायची गरज नाही. तुमचा कागद अजून साहेबांकडे आहे."

चंद्रभागा टेबलाच्या कडेला बोट घासत उभी राहिली. तिला पद हवं होतं. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण हवं होतं, आणि फार हवं होतं. घरात, गावात, मोरीत.

"साहेब," ती म्हणाली, "मी नाय लिवलंत तर उद्या माझ्यामागून येनारी परत गच्च बाटली उचलंल. तिलाही लोक म्हनतील, काय हातगुण हाय."

आगट्यांनी लिहिलं. सगळं लिहिलं. आठवडाभर भरू देण्याचा आपला आदेश, गच्च बाटली निवडण्याची तिची रीत, आणि साध्या बश्या धुण्याआधी बघण्याची तिची खोड, ज्यामुळे हे सापडलं. महिपतचं म्हणणं, ते पान लिहून झाल्यावर त्यांनी मिशा पहिल्यांदाच न ओढता विंचरल्या.

मोठ्या साहेबांनी तिघांनाही बोलावलं. महिपतला का बोलावलं हे त्याला आजतागायत कळलेलं नाही, पण तो गेला. साहेब अहवाल वाचून वैतागलेले होते. दोन वर्षांचं मलम पाण्यात गेलं होतं. त्यांनी चंद्रभागेचा कागद पुढे ओढला.

"यात लिहिलंय असामान्य हात. आणि अहवालात लिहिलंय याच हाताने पेशी बिघडल्या. मी कशावर सही करू?"

आगटे काही म्हणणार तोच चंद्रभागा बोलली. "साहेब, हातावर सही करू नका. माझा हात चुकला. डोळा नाय चुकला."

साहेबांनी चष्मा काढला. "साध्या बश्या बघायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुनी नाय. धुवायच्या आधी बघितल्याबिगर मना राहवत नाय."

"पद दिलं तर धुणं बंद होईल. मग बघणार कशा?"

"साध्या बश्या मीच धुईन, साहेब."

साहेब आगट्यांकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, पहिल्यांदा कुणीतरी मला मलम न विकता काहीतरी सांगतंय." 'असामान्य हात' यातल्या 'हात' शब्दावर त्यांनी काट मारली आणि वर 'नजर' लिहिलं. मग सही केली, सहा महिन्यांच्या तात्पुरत्या मुदतीची. पण सही सहीच.

खाली आल्यावर महिपत आधी धावला, बातमी घेऊन. आगटे म्हणाले, "बाई, आज सुट्टी घ्या." चंद्रभागा म्हणाली, "एक काम हाय."

उबदार कपाटात तिच्या जुन्या बाटल्या होत्या, दोन वर्षांच्या, गच्च भरलेल्या, ज्यांच्यासाठी बाहेरून लोक बघायला यायचे. तिने एकेक बाहेर काढली, उजेडात धरली, आणि प्रत्येकीत ब्लीचिंगचं पाणी ओतलं. गुलाबी रंग उडत गेला, पेशी सुटून वर आल्या. शेवटची बाटली तिने जरा जास्त वेळ धरली. मग तीही रिकामी केली, आणि नळ सोडून धुवायला घेतली. साबण, मग दहा वेळा पाणी. आठव्यांदा तिने बाटली उजेडात धरली, वास घेतला, आणि आणखी दोनदा धुतली.